हिमोग्लोबिन ३.९: लॅबमधून आलेल्या तातडीच्या फोनमागे काय घडतं

सर,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या फोनबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मशीनच्या कागदावर पहिल्या निकालाची वेळ ११:०८ आहे, मग तुम्हाला तो ११:३० ला का कळला? आणि निकाल खात्रीचा होता तर पुन्हा रक्त कशाला मागवलं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. लेखी द्या, म्हणजे सिस्टरना आणि नव्या मुलांना वाचायला देता येईल, असंही तुम्ही म्हणालात. म्हणून मुद्दाम साध्या भाषेत लिहिते. तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी त्यात येतील, तेवढं चालवून घ्या. पेशंटचं नाव लिहीत नाही. लॅब नंबर आमच्या रजिस्टरला आहे आणि तुमच्या रिपोर्टवरही आहे.

पेशंट ३८ वर्षांची, विड्या वळणारी. आपल्या निपाणीत अशा बायका घरोघरी आहेत, त्यामुळे फॉर्मवर ‘अशक्तपणा, दम लागणे’ एवढंच लिहिलेलं पाहून कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. दिवसभर सूप मांडीवर घेऊन एका जागी बसणाऱ्या बाईला आपल्याला किती दम लागतो हे पुष्कळदा कळतच नाही. जिना चढायचा नाही की शेतावर चालत जायचं नाही. हिमोग्लोबिन वर्षभर हळूहळू उतरत राहतं आणि शरीरही तेवढ्यात भागवायला शिकतं. ती तुमच्याकडे स्वतःच्या पायांनी चालत आली होती, हे तुम्हीच सांगितलंत.

रक्त तुमच्या दवाखान्यात १०:२० ला काढलं गेलं. आमचा मुलगा आणखी दोन दवाखाने करून १०:५५ ला लॅबला पोचला. ११:०८ ला मशीनवर आकडा आला, हिमोग्लोबिन ३.९. म्हणजे १०० मिली रक्तात ३.९ ग्रॅम. बाईमाणसाला निदान १२ तरी असावं.

आमच्याकडे एक यादी भिंतीला लावलेली आहे. तिच्यातला आकडा आला की रिपोर्ट छापून ट्रेमध्ये ठेवायचा नाही, आधी फोन करायचा. लंडबर्ग नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं १९७२ साली ही पद्धत मांडली, आणि आता जगभरच्या लॅबना ती पाळावी लागते. यादीतला आकडा मात्र सगळीकडे एक नसतो. कोणी ५ धरतं, कोणी ७. आम्ही प्रौढांसाठी ६ च्या खाली आणि गरोदर बाईसाठी ७ च्या खाली असं ठरवलं आहे. जागतिक आरोग्य संघटना गरोदर नसलेल्या बाईत ८ च्या खालचा पांडुरोग ‘तीव्र’ मानते, मग ८ च का नाही, असं मागे कोणीतरी विचारलं होतं. आपल्या भागात ८ ला फोन करायचा ठरवला तर फोन खाली ठेवायला फुरसत मिळणार नाही, आणि रोज पाच फोन घेणारा डॉक्टर सहावा फोन अर्धवट ऐकतो. यादी लहान असली तरच तिला धाक राहतो, असं माझं मत आहे.

आता ११:०८ नंतर काय झालं ते सांगते.

सर्वांत आधी मी नळी हातात घेतली. जांभळ्या झाकणाची, रक्त गोठू न देणारं ईडीटीए घातलेली. आकडा वाचून लगेच फोन उचलायचा मोह होतो, पण खोटा कमी आकडा जवळजवळ नेहमी नळीतूनच येतो, मशीनमधून फार क्वचित. रक्त रेषेपर्यंत भरलेलं होतं. लाकडी काडी फिरवून पाहिली, गाठ लागली नाही. गाठ असती तर पेशी तिच्यात अडकतात, मशीनच्या सुईतही ती अडकू शकते, आणि मग एकही आकडा विश्वासाचा राहत नाही. नळीवरचं नाव इंग्रजीत, फॉर्मवरचं कन्नडमध्ये. दोन्ही अक्षर न् अक्षर जुळवून घेतली. ही आपल्याकडची नेहमीची कटकट आहे. एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं लिहिली जातात, म्हणून नावाबरोबर वय आणि लॅब नंबरही जुळावा लागतो.

मग नळी हळूहळू दहा वेळा उलटसुलट केली आणि नमुना पुन्हा लावला. ही पायरी दिसायला किरकोळ आहे, पण नव्या मुलांनी हीच नीट लक्षात ठेवावी. रक्त नळीत उभं राहिलं की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं, न ढवळलेल्या ताकासारखं. पेशी जितक्या कमी, तितक्या त्या लवकर खाली बसतात, कारण एकमेकींना अडवायला गर्दीच नसते. म्हणजे ज्या पेशंटचं हिमोग्लोबिन खरोखर कमी आहे, त्याच्याच नळीत ढवळण्याची हयगय सगळ्यात जास्त महागात पडते. मशीनच्या सुईनं वरचं पातळ रक्त ओढलं तर ६ चे ४ दिसतील. ढवळून पुन्हा लावल्यावर आकडा मोठा आला असता तर पहिला निकाल आम्ही बाद केला असता. तो आला ३.८. एवढा फरक मशीन त्याच नमुन्यावर पुन्हा चालवलं तरी दाखवतंच.

सकाळचं कंट्रोल, म्हणजे आधीच आकडा माहीत असलेला नमुना, बरोबर आलं होतं, तरी मी एक दुसरी नळी मध्ये घातली. ९:३० ला तपासलेल्या एका धडधाकट माणसाचं रक्त होतं. तेव्हा १२.४ आलं होतं, आता १२.३. म्हणजे मशीन त्या क्षणी तरी सुधरून चालत होतं. तोवर ११:१५ झाले होते.

यानंतरचा विचार तुम्हाला सांगावासा वाटतो, कारण त्यातलं अर्धं उत्तर तुमच्या दवाखान्यात होतं. अशक्त पेशंट आला की आपल्याकडे आधी सलाईन लागतं, नातेवाईकही तेच मागतात. सलाईन ज्या हातात चालू आहे त्याच हातातून रक्त काढलं तर नळीत रक्ताबरोबर सलाईन येतं आणि हिमोग्लोबिन सपाटून खाली दिसतं. खोट्या कमी आकड्याचं हे आम्हाला सगळ्यात जास्त दिसणारं कारण. फॉर्मवर कोणत्या हाताचं रक्त आहे हे लिहिलेलं नव्हतं. तुमच्या सिस्टर नंतर फोनवर म्हणाल्या की सलाईन डाव्या हाताला होतं आणि रक्त उजव्या हातातून काढलं. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण हे त्यांना विचारण्याआधीच मला कागदावरून कळलं होतं. ते कसं, ते सांगते.

धरून चाला की बाईचं खरं हिमोग्लोबिन ११ आहे आणि सलाईन मिसळल्यानं ते ३.९ दिसतंय. तसं व्हायला नळीतला जवळजवळ दोन तृतीयांश भाग सलाईनचा असावा लागेल. पण सलाईन काही लाल पेशी निवडून पातळ करत नाही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही त्याच प्रमाणात खाली जायला हव्यात. आमच्या नमुन्यात पांढऱ्या पेशी ६,८०० होत्या आणि प्लेटलेट्स ५.२ लाख. दोन तृतीयांश सलाईन धरलं तर या बाईच्या खऱ्या पांढऱ्या पेशी १९,००० च्या वर आणि खऱ्या प्लेटलेट्स साडेचौदा लाखांच्या वर मानाव्या लागतील. एवढ्या प्लेटलेट्स घेऊन कोणी ‘दम लागतोय’ म्हणून चालत येत नाही. उलट दीर्घकाळच्या लोहाच्या कमतरतेत प्लेटलेट्स थोड्या वाढलेल्या दिसतात, तशाच त्या इथे होत्या.

दुसरी खूण पेशींच्या आकाराची. एका लाल पेशीचं सरासरी आकारमान, ज्याला आपण एमसीव्ही म्हणतो, ते ८० ते १०० च्या दरम्यान असतं. इथे ५८ होतं. सलाईननं पेशींची संख्या घटते, पेशी काही आकसून अर्ध्या होत नाहीत. पेशी लहान घडल्या आहेत याचा अर्थ त्या हाडातल्या मगजातच तशा तयार झाल्या, आणि त्याला महिने लागतात. नळीत चार मिनिटांत ते होत नाही. डेक्स्ट्रोज मिसळलं असतं तर पेशी उलट फुगल्या असत्या.

एका गोष्टीवर मात्र आमची शिकाऊ मुलगी अडली, आणि ती अडली हे मला आवडलं. तिला शिकवलेलं असतं की हिमोग्लोबिनची तिप्पट केली की साधारण पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या पेशींचा टक्का, यायला हवा. ३.९ ची तिप्पट ११.७, आणि मशीन दाखवत होतं १४.४. ‘मॅडम, मशीन चुकालंय’, ती म्हणाली. तिप्पटीचा हिशेब पेशी नेहमीच्या आकाराच्या आणि नीट भरलेल्या असतील तेव्हाच जमतो. या बाईच्या पेशी अर्ध्या रिकाम्या आहेत. जागा व्यापतात, पण आत हिमोग्लोबिन थोडं. त्यामुळे टक्का हिमोग्लोबिनच्या तिपटीहून जास्त येणारच. लोहाच्या कमतरतेत हा हिशेब बिघडलेला दिसणं हीच त्याची रीत आहे. तरी तिची शंका फिटावी म्हणून एक बारीक काचनळी रक्तानं भरून सेंट्रिफ्यूजला लावली. त्यात पाच मिनिटं फिरवलं की पेशी तळाला दाबल्या जातात आणि पट्टीवर टक्का सरळ मोजता येतो. तो १५ आला. हातानं मोजलेला आकडा मशीनहून किंचित वरच असतो, पेशींच्या मध्ये थोडं पाणी अडकून राहतं म्हणून.

ती नळी फिरत असतानाच मी फोन लावला होता. पहिला फोन ११:१७. म्हणजे आकडा आल्यापासून नऊ मिनिटं आम्ही घेतली. ती आम्हाला लागतातच, आणि पुढच्या वेळीही लागतील. त्याहून जास्त वेळ मात्र आम्ही घेऊ नये. रक्ताची काच रंगवून पाहायला अर्धा तास जातो, त्यासाठी फोन थांबवायचा नसतो. फोनवर ‘तात्पुरता निकाल, काच बघायची आहे’ एवढं सांगितलं की झालं.

उरलेली तेरा मिनिटं फोनची. तुमचा मोबाईल दोनदा वाजला, उचलला नाही. ओपीडीत तो तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवता हे मला आता कळलं. मग दवाखान्याचा नंबर, तो बराच वेळ बिझी. ११:२६ ला तुमच्या कंपाउंडरनी उचलला. ‘सर आत पेशंट बघालेत, निरोप द्या, सांगतो’, म्हणाले. मी म्हटलं, निरोप नको, लिहून घ्या आणि मला परत वाचून दाखवा. पेशंटचं पूर्ण नाव, वय, लॅब नंबर, मग हिमोग्लोबिन तीन पॉइंट नऊ. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं आणि वाचून दाखवलं, ‘नऊ पॉइंट तीन’.

त्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. समोर रांग, एका हातात फोन, गडबडीत आकडे उलटे पडतात. पण ९.३ म्हणजे आपल्या भागातला रोजचा पांडुरोग. ती चिठ्ठी तुम्ही टेबलावर ठेवून पुढचा पेशंट घेतला असता आणि ते तुमचं चुकलंही नसतं. मी आकडे सुटे सांगितले, ‘तीन. टिंब. नऊ. चारच्या आत आहे, सलाईनवाल्या बाईंचं’, आणि फोन तुमच्या हातात द्यायची विनंती केली. ११:३० ला तुम्ही स्वतः आकडा परत म्हणालात, तेव्हा माझ्या रजिस्टरमधली ओळ पूर्ण झाली. त्या ओळीत काय सांगितलं, कोणी सांगितलं, कोणी ऐकलं, किती वाजता, आणि परत वाचून दाखवलं का, एवढं असतं. आयएसओ १५१८९ हे लॅबसाठीचं मानक अशी नोंद ठेवायला सांगतं. पण मानक नसतं तरी वाचून दाखवल्याशिवाय मी फोन ठेवला नसता.

‘व्हॉट्सॲप टाकायचं की’, असं तुम्ही सहज म्हणालात. रिपोर्टचा फोटो आम्ही टाकतोच, पण तो फोनच्या जागी धरत नाही. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे कोणीतरी स्क्रीन उघडली. कोणी उघडली आणि वाचून काय समजलं, ते त्यातून कळत नाही. डॉक्टर अजिबातच सापडले नाहीत तर आमची शेवटची पायरी म्हणजे पेशंटच्या घरी फोन. तोही आकडा न सांगता, ‘आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे परत जा’ एवढाच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पुन्हा रक्त का मागवलं.

वर सांगितलेल्या सगळ्या पडताळ्यातून एवढंच ठरतं की त्या नळीतल्या रक्ताचं हिमोग्लोबिन ३.९ आहे. ते रक्त कोणाचं आहे हे त्यातून ठरत नाही. नमुना दोनदा लावा, दहादा लावा, नळीवर दुसऱ्याचं नाव पडलं असेल तर मशीन प्रत्येक वेळी तीच चूक बिनचूक मोजून देईल. त्या दिवशी तुमच्याच पिशवीत त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या आणखी एका बाईची जांभळी नळी होती, वय ४१, शुगरची तीन महिन्यांची सरासरी काढायला पाठवलेली. दोन नळ्या शेजारी धरल्या तर नुसत्या डोळ्यांना फरक दिसत होता. एकीतलं रक्त दाट गडद, दुसरीतलं काचेतून उजेड दिसेल इतकं पातळ. पण पातळ रक्त ३८ वर्षांच्या बाईचं की ४१ वर्षांच्या, हे मी लॅबमध्ये बसून कसं सांगणार?

ते तुम्हीच सांगू शकत होता. म्हणून फोनवर मी विचारलं, तिच्या पापण्या बघाल का. तुम्ही खालची पापणी ओढलीत आणि म्हणालात, कागदासारखी पांढरी आहे, नखंही चमच्यासारखी खोलगट झालीत. त्या क्षणी माझी निम्मी काळजी संपली. लॅबच्या कुठल्याही पडताळ्यापेक्षा पेशंटसमोर उभ्या असलेल्या डॉक्टरची नजर अशा वेळी जास्त कामाची असते. म्हणूनच निकाल चिठ्ठीनं पोचवण्यापेक्षा तुमच्याशी बोलणं मला हवं होतं.

तरी दुसरा नमुना लागणारच होता. बाईला रक्त चढवायचं म्हणजे रक्तगट आणि क्रॉसमॅच आलं, आणि गटाच्या बाबतीत नळीवरच्या नावाची चूक जिवावर बेतते. म्हणून गट वेगवेगळ्या वेळी काढलेल्या दोन नमुन्यांवर जुळवून पाहायची रीत आहे. मी सिस्टरना तीनच गोष्टी सांगितल्या. रक्त सलाईन नसलेल्या हाताचं घ्या. नाव पेशंटच्या तोंडून वदवून घ्या, ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारू नका, कारण घाबरलेला माणूस कशालाही ‘होय’ म्हणतो. आणि नळीवर नाव खाटेपाशीच लिहा, टेबलावर येऊन नव्हे. एक जांभळी नळी आणि एक साधी लाल झाकणाची. आमचा मुलगा थेट गेला आणि थेट आला. १२:०६ ला दुसऱ्या नमुन्याचा आकडा आला, ३.८. पेशींचा आकार तोच, प्लेटलेट्स त्याच घरात. गट दोन्ही नळ्यांत एकच. त्या दुसऱ्या बाईंचा शुगरचा रिपोर्ट मी तोवर अडवून ठेवला होता, तो मग सोडला. नळ्या बदललेल्या असत्या तर चूक एका रिपोर्टात नसते, दोन्हींत असते. नव्या मुलांच्या हे लक्षात येत नाही, ती फक्त वाईट आकड्याकडे बघतात.

काच ११:५० ला रंगवून झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी लहान, कडेला लाल रेघ आणि मधे नुसता पांढरा गोल, काही पेन्सिलीसारख्या लांबट. कच्च्या पांढऱ्या पेशी नाहीत, तुटक्या पेशी नाहीत, मलेरियाचे जंतू नाहीत. हे चित्र लोहाच्या कमतरतेशी जुळतं. पेशींचा आकार भागिले लाल पेशींची संख्या केली, ५८ भागिले २.४८, तर २३ च्या वर येतं. थॅलेसेमियाच्या वाहकात हा भागाकार सहसा १३ च्या खाली असतो. हा अंदाजाचा हिशेब आहे, निदान नव्हे, म्हणून रिपोर्टवर मी ‘सुसंगत’ एवढाच शब्द वापरला. लोह कुठे गेलं, पाळीत की पोटातून, की पोटात गेलंच नाही, हे आकड्यातून दिसत नाही. तेही तुमच्याकडेच.

आकड्याची आणखी एक मर्यादा सिस्टरांसाठी लिहिते. ३.९ ची बाई चालत आली म्हणून आकडा खोटा ठरत नाही, आणि उद्या अपघाताचा पेशंट १०.५ घेऊन आला म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. अचानक रक्त वाहिलं तर पहिल्या तासा-दोन तासांत हिमोग्लोबिन फारसं उतरलेलं नसतं, कारण पेशी आणि पाणी दोन्ही एकदमच गेलेलं असतं. शरीर पाणी भरून काढू लागलं की मग आकडा घसरतो. असा पेशंट आमच्या यादीत बसणार नाही आणि आमचा फोनही येणार नाही. तिथे नाडी आणि बीपी आमच्या कागदाच्या पुढे असतात.

नातेवाइकांनी कोल्हापूरला न्यायचं ठरवलं तेही ठीकच झालं; निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं. तिथल्या रक्तपेढीनं आमचा गट न मानता स्वतः पुन्हा काढला असेल, तर त्यात रागावण्यासारखं काही नाही. तसंच करायचं असतं. आमच्या रिपोर्टची छापील प्रत, दोन्ही नमुन्यांच्या वेळांसह, पेशंटबरोबर दिली आहे.

लाल झाकणाच्या नळीतलं सीरम आणि पहिली जांभळी नळी मी फ्रीजमध्ये ठेवली आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, त्या सीरमवर होईल. हिमोग्लोबिनचे प्रकार तपासायचे असतील तर जांभळ्या नळीवर. ही तपासणी रक्त चढवण्याआधीच्या नमुन्यावरच करावी लागते, कारण नंतर बाईच्या रक्तात दात्याच्या पेशी मिसळतात आणि कोणाचं हिमोग्लोबिन मोजतोय तेच कळेनासं होतं. जांभळी नळी आठवडाभराच्या पुढे ठेवून उपयोग नाही, तेव्हा काय करायचं ते शनिवारपर्यंत कळवा.

आणि दोन मागण्या. ओपीडीच्या वेळात नक्की उचलला जाईल असा एक नंबर आम्हाला द्या, सिस्टरचा चालेल. तेरा मिनिटांतली बरीचशी तिथेच वाचतील. आणि तुमच्या फॉर्मवर ‘सलाईन चालू आहे का, असल्यास कोणत्या हाताला, रक्त कोणत्या हाताचं’ अशी एक ओळ छापून घ्या. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत करून मी या पत्रासोबत पाठवते आहे.

आपली,
लॅब टेक्नॉलॉजिस्ट,
निपाणी